उताऱ्यावर नोंद आहे का?

प्रश्न: मी स्टाफ नर्स आहे, यूकेसाठी आयईएलटीएस ॲकॅडमिक देतेय. रीडिंगला 7 हवेत, 6.5 च्या पुढे गाडी सरकत नाही. सगळे मार्क ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हनमध्ये जातात. गंमत म्हणजे विषय माहितीचा असला की जास्त चुकतात! परवा सेमेलवाइस आणि हात धुण्यावरचा उतारा होता. एक विधान होतं की त्या काळच्या डॉक्टरांनी त्याचं म्हणणं सुरुवातीला मानलं नाही. हे तर आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलंय, म्हणून ट्रू लिहिलं. उत्तर निघालं नॉट गिव्हन. सहापैकी दोनच बरोबर. फॉल्स आणि नॉट गिव्हनमधला फरक आजवर दहा जणांनी समजावलाय, पेपरात बसलं की पुन्हा तेच. काय करू?

उत्तर:

सेमेलवाइसबद्दल तुम्हाला शिकवलं ते खरंच आहे. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या इस्पितळात त्याने डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले, बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले, आणि तरीही त्याच्या बरोबरीच्या बऱ्याच डॉक्टरांना ते पटलं नाही. तुमचं ज्ञान पक्कं आहे. पेपराने ते विचारलंच नव्हतं, एवढाच घोळ झाला.

नाशकात रीडिंग शिकवायला लागून मला चौदा वर्षं झाली. तुम्ही जी गंमत म्हणताय ती दर बॅचमध्ये दिसते. औषधांवरचा उतारा आला की फार्मसीवाले आपटतात, मातीवरचा आला की बी.एस्सी. ॲग्रीवाले. मी स्वतःही आपटले आहे. शिकवायला लागण्याआधी मी ही परीक्षा दिली, तेव्हा सरावाच्या एका पुस्तकात द्राक्षबागांवरचा उतारा होता. आमच्या घरी तीस वर्षं द्राक्षं आहेत, छाटणी-डिपिंग बघतच मोठी झाले. तो उतारा मी निम्मासुद्धा वाचला नाही, विधानं वाचून धडाधड उत्तरं लिहिली आणि सातपैकी चार चुकवली. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "कुठल्या देशाची बाग होती ते तरी वाचलंस का?" वाचलं नव्हतं.

फरक समजावणारे दहा जण भेटले म्हणता, तर मी अकरावी होत नाही. व्याख्या तुम्हाला पाठ असणार: विधान उताऱ्याशी जुळतं तेव्हा ट्रू, उताऱ्याच्या विरोधात जातं तेव्हा फॉल्स, त्याबद्दल माहितीच नसते तेव्हा नॉट गिव्हन. सूचनेतही तेच छापलेलं असतं. अडचण व्याख्येची नाही. विधान वाचताना तुमच्या मनात "हे खरं आहे का?" असा प्रश्न उठतो आणि पेपर विचारत असतो, "हे या कागदावर आहे का?" आपण आयुष्यभर पहिलाच प्रश्न विचारत आलोय, त्यामुळे दुसरा प्रश्न समजतो खरा, पण घड्याळ सुरू झालं की मन आपल्या सवयीवर जातं.

मी वर्गात याला सातबाऱ्याचा दाखला देते. चावडीवर जाऊन तुम्ही म्हणालात, "बांधावरची विहीर आमच्या आजोबांनी खणली, अख्ख्या गावाला माहीत आहे," तर तलाठी भाऊसाहेब मान डोलावतील, चहासुद्धा मागवतील. पण उताऱ्यावर विहिरीची नोंद नसेल तर नक्कल देताना ते विहीर लिहून देणार नाहीत. आणि हेही बघा, ते "या गटात विहीर नाही" असंही लिहून देणार नाहीत. नोंद नाही म्हणजे फक्त नोंद नाही. विहीर आहे हे गावाला माहीत असणं हा एक भाग, उताऱ्यावर विहीर असणं हा दुसरा, आणि उताऱ्यावर "विहीर नाही" असं लिहिलेलं असणं हा तिसरा. पहिल्याला दुसरा समजलात की नॉट गिव्हनच्या जागी ट्रू पडतं. दुसरा नाही म्हणून तिसरा धरलात की नॉट गिव्हनच्या जागी फॉल्स पडतं. सेमेलवाइसच्या विधानात तुमचं पहिल्या प्रकारचं झालं.

पण तुमच्या चारही चुका याच जातीच्या आहेत का, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. ते तुमच्या उत्तरपत्रिकेवर अवलंबून आहे, आणि औषध त्यावरून बदलतं. जुने चार-पाच पेपर काढा आणि फक्त चुकलेली उत्तरं बघा. खरं उत्तर नॉट गिव्हन होतं आणि तुम्ही ट्रू लिहिलंत, असं वारंवार दिसलं तर बाहेरचं ज्ञान आत शिरतंय. नॉट गिव्हनच्या जागी फॉल्स जास्त असतील तर दोन कारणं संभवतात: एक तर "सांगितलं नाही म्हणजे चूक" असं तुम्ही धरताय, किंवा तुमच्या माहितीनुसार विधान चुकीचं आहे म्हणून फॉल्स ठोकताय. आणि खरं उत्तर ट्रू किंवा फॉल्स असताना तुम्ही नॉट गिव्हन लिहित असाल, तर मग प्रश्न माहितीचा नाहीच. वाक्य तिथे होतं, ते तुम्हाला ओळखू आलं नाही, कारण विधानात शब्द बदलून आले होते. तो शब्दसंग्रहाचा आणि वाचनाचा भाग आहे, त्याला वेगळी मेहनत लागते आणि मी खाली सांगतेय त्याचा तिथे फारसा उपयोग नाही.

तुमच्या वर्णनावरून मी पहिलं दुखणं धरून चालते.

आता एक उतारा करून बघू. मुद्दाम मराठीत देते, म्हणजे इंग्रजीकडे बोट दाखवायची सोय राहणार नाही. आणि मुद्दाम असा विषय घेते की जो महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या प्रत्येकाला थोडाफार माहीत आहे. उतारा माझाच आहे, पेपरातल्यापेक्षा खूप लहान.

"16 एप्रिल 1853 रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेली गाडी ही भारतातील पहिली सार्वजनिक प्रवासी आगगाडी होती. सुमारे 34 किलोमीटरचे अंतर कापणाऱ्या या गाडीला 14 डबे होते, त्यांतून जवळपास 400 पाहुणे गेले, आणि ती ओढायला तीन इंजिने जोडली होती. पुढच्या वर्षी हा मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. सह्याद्री ओलांडणे मात्र त्याहून फार अवघड ठरले. भोर घाटातला मार्ग 1863 मध्ये खुला झाला. तोपर्यंत पुण्याला जाणाऱ्यांना घाटाचा टप्पा पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीने पार करावा लागे. घाटाच्या कामावर हजारो मजूर राबत होते. अपघातांनी आणि साथीच्या रोगांनी त्यांतले अनेक दगावले."

आणि ही पाच विधानं. खाली वाचण्याआधी कागदावर आपापली उत्तरं लिहा.

1. 1853 च्या आधी भारतात एकही आगगाडी धावली नव्हती.
2. पहिली गाडी ओढणाऱ्या इंजिनांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान अशी होती.
3. पहिल्या गाडीनंतर दोन वर्षांच्या आत कल्याणपर्यंत रेल्वे पोहोचली.
4. 1860 मध्ये मुंबईहून पुण्यापर्यंतचा संपूर्ण प्रवास आगगाडीने करता येत होता.
5. घाटाच्या कामात अपघातांपेक्षा साथीच्या रोगांनी जास्त मजूर दगावले.

दुसऱ्या विधानापासून सुरुवात करते, कारण ते सगळ्यात सोपं दिसतं आणि वर्गात सगळ्यात जास्त चुकतं. साहिब, सिंध, सुलतान. मुंबई-ठाण्याच्या मुलांना ही नावं झोपेतही येतात. नावं खरी आहेत. उताऱ्यात तीन इंजिनं आहेत, विधानातही तीन नावं आहेत, आकडा जुळला की मन म्हणतं "हो, हेच ते." पण उताऱ्यात नाव एकही नाही. उत्तर नॉट गिव्हन. इथे सापळा कसा लागतो ते नीट बघा. विधानाचा अर्धा भाग उताऱ्यात सापडतो आणि उरलेला अर्धा तुमच्या डोक्यात. दोन्ही अर्धे मिळून एक पूर्ण वाक्य तयार होतं, आणि ते सगळं वाचल्यासारखं वाटतं. तुमच्या सेमेलवाइसच्या विधानाचं असंच झालं असणार. तो, त्याची सूचना, तिथले डॉक्टर हे सगळं उताऱ्यात होतं. "मानलं नाही" एवढं तुम्ही घरून आणलंत.

पहिलं विधान माझं लाडकं आहे. शाळेच्या पुस्तकातून आलेला मुलगा म्हणतो, "भारतातली पहिली रेल्वे 1853, म्हणजे आधी नव्हती, ट्रू." सामान्य ज्ञानाच्या परीक्षा दिलेला मुलगा हसतो आणि म्हणतो, "फॉल्स! रुरकीजवळ सोलानी नदीवरच्या जलसेतूच्या बांधकामाला 1851 मध्येच इंजिन लावून सामान वाहिलं होतं." दुसऱ्याची माहिती पहिल्यापेक्षा चांगली आहे, आणि मार्क दोघांनाही शून्य. उतारा म्हणतो "पहिली सार्वजनिक प्रवासी आगगाडी." त्याआधी मालगाडी धावली की नाही, यावर उतारा गप्प आहे. मालगाडी धावली असती तरी उताऱ्यातलं वाक्य खरंच राहतं, नसती धावली तरीही खरंच राहतं. म्हणून नॉट गिव्हन. एकाच विधानावर कमी माहितीचा ट्रूकडे जातो आणि जास्त माहितीचा फॉल्सकडे, हे ज्या दिवशी वर्गात घडतं त्या दिवशी मला पुढचा अर्धा तास काही समजवावं लागत नाही.

हे जे मी आत्ता केलं, तीच फॉल्स आणि नॉट गिव्हनमधली कसोटी आहे. उताऱ्यातलं प्रत्येक वाक्य खरं धरा. मग विधानही खरं असू शकेल का, ते बघा. दोन्ही एका वेळी खरी असूच शकत नसतील तर फॉल्स. असू शकतात, पण विधान खरं असलंच पाहिजे अशी सक्ती उतारा करत नाही, तर नॉट गिव्हन. सक्ती करत असेल तर ट्रू.

चौथ्या विधानावर ही कसोटी लावा. 1863 पर्यंत घाट पालखीने, तट्टावरून किंवा बैलगाडीने पार करावा लागे, आणि विधान म्हणतं की 1860 मध्ये सगळा प्रवास आगगाडीने होत होता. दोन्ही एकत्र नांदूच शकत नाहीत. फॉल्स. इथे कित्येक जण नॉट गिव्हन लिहितात, कारण उताऱ्यात "1860" हा आकडा कुठेच नाही. आकडा नाही, पण 1863 पर्यंतचा सगळा काळ त्या एका "तोपर्यंत" शब्दात आला आहे. फॉल्स व्हायला उताऱ्यात "नाही" हा शब्द असावा लागत नाही. विधानाला खोटं पाडेल असं काहीतरी ठोस असावं लागतं.

तिसरं ट्रू आहे. 1853 ला पहिली गाडी, पुढच्या वर्षी कल्याण, म्हणजे दोन वर्षांच्या आत. "दोन वर्षं" असं लिहिलेलं नाही म्हणून नॉट गिव्हन लिहिणारे असतात, आणि हे बहुतेक नुकतेच पोळलेले असतात. "बाहेरचं काही वापरायचं नाही" हे त्यांनी इतकं मनावर घेतलेलं असतं की साधी बेरीज-वजाबाकीसुद्धा त्यांना बाहेरची वाटायला लागते. तुम्हीही आता या टप्प्यातून जाल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

पाचवं राहिलं. अपघात आणि साथी, दोन्ही उताऱ्यात शेजारी शेजारी आहेत. कुठल्याने जास्त, हे नाही. तुम्ही नर्स आहात, एकोणिसाव्या शतकातली मजुरांची वस्ती, पाणी, कॉलरा हे सगळं तुमच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असेल आणि हात ट्रूकडे गेला असेल. तुमचा अंदाज इतिहासाच्या दृष्टीने बरोबरही असेल. पण "पेक्षा जास्त" ही तुलना उताऱ्याने केलेली नाही. नॉट गिव्हन. तुलनेची विधानं दिसली की सावध व्हा. दोन गोष्टी उताऱ्यात असतात म्हणून त्यांची तुलनाही असते असं नाही. इंग्रजीत हे सहसा "मोर दॅन", "द मोस्ट", "बेटर" अशा रूपात येतं.

मग प्रश्न उरतो की डोक्यातलं नेमकं काय वापरायचं आणि काय नाही. "बाहेरचं ज्ञान वापरू नका" हा सल्ला अर्धवट आहे, कारण काहीच न वापरता कुणालाही वाक्य वाचता येत नाही. माझी रेषा अशी आहे: शब्दांचा अर्थ आणि साधं गणित वापरायचं, विषयाची माहिती वापरायची नाही. उताऱ्यात "विधवा" असेल आणि विधानात "तिचा नवरा वारला होता" असेल तर ते ट्रू आहे, कारण तो शब्दाचाच अर्थ आहे. उताऱ्यात "अर्धा डझन" असेल आणि विधानात "सहा" असेल तरी ट्रू. पण उताऱ्यात "तिला मधुमेह होता" असेल आणि विधानात "तिला गोड खायला मनाई होती" असेल, तर ते शब्दाचा अर्थ नाही, ते तुमचं नर्सिंग आहे. त्या बाईला कुणी मनाई केली होती की नव्हती, हे उताऱ्यालाच सांगू द्या.

ही रेषा नेहमी इतकी ठळक नसते हेही कबूल करते. उताऱ्यात "व्हिएन्ना" आणि विधानात "युरोपातलं एक शहर" आलं तर काय? मी ट्रू लिहीन. नकाशातली ठिकाणं, आठवड्याचे वार, ऋतू हे बहुतेक वाचकांना असतंच असं धरून पेपर काढणारे चालतात. चांगल्या पेपरात अशी काठावरची विधानं क्वचित येतात. बाजारात मिळणाऱ्या सरावाच्या पुस्तकांत मात्र भरपूर येतात, आणि त्यातली काही उत्तरं सरळ चुकीची असतात. एखाद्या उत्तरावर तुम्ही पंधरा मिनिटं डोकं फोडलंत आणि तरी पटलं नाही, तर आधी पुस्तक कुणाचं आहे ते बघा. सराव शक्यतो केंब्रिजने काढलेल्या खऱ्या पेपरांवरच करा. बाकीच्या पुस्तकांनी कसोटी बिघडते, आणि बिघडलेली कसोटी दुरुस्त करायला नवी शिकण्याहून जास्त वेळ लागतो.

प्रत्यक्ष पेपरात हे कसं करायचं? तीन उतारे, 40 प्रश्न, 60 मिनिटं. कागदावरच्या लिसनिंगसारखा उत्तरं उतरवायला वेगळा वेळ रीडिंगमध्ये मिळत नाही. म्हणजे एका उताऱ्याला वीस मिनिटं धरली तर प्रत्येक विधानाला जेमतेम दीड मिनिट. एवढ्यात तर्कशास्त्र करत बसायला वेळ नसतो, म्हणून मी एकच शारीरिक सवय लावते: बोट ठेवणं. विधान वाचा, त्यातला खोटा ठरू शकेल असा शब्द पकडा, आणि उताऱ्यात त्या शब्दाला उत्तर देणाऱ्या शब्दांवर बोट ठेवा. साहिब-सिंध-सुलतानच्या विधानात पकडायचा शब्द "नावं" आहे, "तीन इंजिनं" नाही. पाचव्यात "पेक्षा जास्त". पहिल्यात "एकही". तुमच्या सेमेलवाइसच्या विधानात "मानलं नाही". बोट ठेवायला जागा सापडली तर ट्रू किंवा फॉल्स, नाही सापडली तर नॉट गिव्हन. वर्गात मुलं खरंच बोट ठेवतात, मीही ठेवायला लावते. कॉम्प्युटरवर परीक्षा असेल तर माउसने तेवढे शब्द हायलाइट करा, काम तेच. "असं काहीतरी वाचल्यासारखं वाटतंय" या भावनेला बोट ठेवता येत नाही, आणि बाहेरचं ज्ञान नेमकं याच भावनेच्या रूपात आत येतं.

इथे एक गोष्ट तुमच्या मदतीला आहे. या प्रकारात विधानं उताऱ्यातल्या माहितीच्या क्रमाने येतात. तिसऱ्या विधानाची जागा दुसऱ्या परिच्छेदात सापडली आणि पाचव्याची चौथ्यात, तर चौथ्याची जागा असलीच तर त्या दोघांच्या मध्ये आहे. तेवढा पट्टा दोनदा वाचा. तिथे नसेल तर नॉट गिव्हन लिहा आणि पुढे निघा. नॉट गिव्हनची खरी किंमत वेळेत मोजावी लागते, कारण नसलेली गोष्ट शोधायला माणूस अख्खा उतारा पालथा घालतो. मी बघितलेल्या 6.5 वाल्यांमध्ये कितीतरी जणांचे मार्क या विधानांत गेलेच नव्हते. इथे घालवलेल्या सात-आठ मिनिटांमुळे तिसऱ्या उताऱ्यातले शेवटचे चार प्रश्न अंदाजाने भरले होते, तिथे गेले होते. तुमचंही हे एकदा घड्याळ लावून तपासा. ॲकॅडमिकला 7 साठी साधारण 40 पैकी 30 लागतात, पेपरागणिक एखाद-दुसरा इकडेतिकडे. म्हणजे तुम्हाला डोंगर चढायचा नाहीये, दोन-तीन उत्तरांचं अंतर आहे.

आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे रिकामी जागा सोडू नका. पण "आतापर्यंत तीन ट्रू झाले, आता नॉट गिव्हन यायला हवं" असले हिशेब करू नका. कुठलं किती वेळा यावं याचा नियम नाही.

उताऱ्यात लेखकाची मतं असतील तेव्हा येस, नो, नॉट गिव्हन असा प्रकार येतो. तिथे कसोटी हीच, फक्त माहितीऐवजी आपलं मत आत शिरतं. ट्रूच्या जागी येस लिहू नका, दोन्ही सूचना दिसायला सारख्या असल्या तरी.

आता सराव. नुसते पेपर सोडवून हे जाणार नाही, कारण पेपर सोडवताना जुनी सवयच पक्की होते. मी तीन वाक्यांचा गृहपाठ देते. सोडवून झालेल्या पेपरातलं खरं उत्तर नॉट गिव्हन असलेलं एक विधान घ्या. मग उताऱ्यात काय लिहिलं असतं तर ते ट्रू झालं असतं, ते वाक्य स्वतः लिहा. काय लिहिलं असतं तर फॉल्स झालं असतं, तेही लिहा. आणि तिसरं, उताऱ्यात प्रत्यक्षात जे आहे ते वाक्य त्याखाली उतरवा. तुमच्या सेमेलवाइससाठी करून दाखवते. ट्रू व्हायला: "त्याच्या सहकाऱ्यांपैकी बहुतेकांनी सुरुवातीला ही सूचना धुडकावून लावली." फॉल्स व्हायला: "व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी त्याचं म्हणणं लगेच उचलून धरलं." उताऱ्यात असलेलं, तुम्ही सांगितल्यावरून अंदाजाने: "त्याने हात धुणं सक्तीचं केल्यावर वॉर्डातले मृत्यू कमी झाले." तिन्ही एकाखाली एक वाचा. तिसऱ्या वाक्यात डॉक्टरांना काय वाटलं याचा मागमूस नाही. सक्ती करावी लागली म्हणजे ते राजी नसणार, असं वाटतं खरं. पण इस्पितळात नव्या नर्सेसना आयडी कार्ड लावायची सक्ती असते, म्हणून त्या सगळ्या त्याविरुद्ध असतात असं आपण म्हणतो का?

हा गृहपाठ मी आठवड्याला दहा विधानं, तीन आठवडे करून घेते. पहिल्या आठवड्यात ट्रूचं वाक्य लिहितानाच बहुतेकांची गाडी अडते, कारण ते वाक्य तर उताऱ्यात "होतं" असंच त्यांना वाटत असतं. जाऊन बघतात तर नसतं. तो धक्का माझ्या कुठल्याही समजावण्यापेक्षा जास्त काम करतो. आणि तुमच्यासाठी एक बदल: सुरुवातीचे दहा उतारे आरोग्याचे घेऊ नका. पुरातत्त्व, पक्षी, काचेचा इतिहास, जिथे तुम्हाला काहीच माहीत नाही, तिथे आधी हात बसू द्या. मग आरोग्याकडे या. उलट क्रमाने केलंत तर प्रत्येक विधानावर तुमच्यातली नर्स मध्ये बोलत राहील.

नर्सचाच दाखला द्यायचा तर ड्यूटी बदलताना तुम्ही केस पेपर वाचता. रात्री दोनचं बीपी पेपरावर लिहिलेलं नसेल तर तुम्ही "नॉर्मल असेल" असं धरून सही करत नाही, आणि "बघितलंच नाही" असंही लिहित नाही. "नोंद नाही" म्हणता आणि विचारता. फक्त या पेपरात विचारायला कुणी नसतं, म्हणून नॉट गिव्हन लिहून पुढच्या विधानाकडे जायचं.

पुढचे दोन पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवा. चुकलेली उत्तरं तीन रकान्यांत मांडा: नॉट गिव्हनच्या जागी ट्रू, नॉट गिव्हनच्या जागी फॉल्स, आणि ट्रू किंवा फॉल्सच्या जागी नॉट गिव्हन. प्रत्येक उताऱ्याला किती मिनिटं गेली तेही शेजारी लिहा. आकडे इथेच टाका. तिसरा रकाना भरलेला निघाला तर मी वर सांगितलेलं बाजूला ठेवू आणि शब्दांकडे वळू.